तपासणीआधीचे दोन दिवस

माझ्या भाचीचं ठाम मत होतं की तिच्या आईला तपासलं नसतं, तर ती एवढ्यात गेली नसती.

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायचे. अक्काचं घर जामखेडला, भाचीचं सासर राहात्याला. भाचीच्या नवऱ्याचा पेरूचा धंदा आहे, स्वतःचा टेम्पो आहे, दोन मुलं आहेत. मी नगरला केडगावात एकटी राहते आणि एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. अक्का असेपर्यंत एकटेपणा मला तसा जाणवला नव्हता, कारण दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा आणि माझ्याकडे बोलायला काही नसलं तरी ती दोघींच्या वाटचं बोलायची.

भाचीने जे पाहिलं ते असं: आई चालतीबोलती होती. एक दिवस तिला डॉक्टरांकडे नेलं. तिथे टेबलावर झोपवून आतून तपासलं, लहानसा तुकडा काढून घेतला. त्यानंतर गाठोडं बांधल्यासारखी आई गाडीतून इकडून तिकडे फिरत राहिली, रेडिएशनचे शेक घेत राहिली, आणि पुढच्या थंडीत गेली. तपासणी आधी, मरण नंतर. तिच्या मनात हा क्रम पक्का बसला होता आणि त्यावरून तिने काढलेला अर्थ चुकीचा आहे हे तिला पटवून देणारं माणूसच आता नव्हतं.

त्याच्या आधीचं तिला माहीत नव्हतं. ते आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी, बरंचसं शेजारणीकडून कळलं. पाळी बंद होऊन काही वर्षं झाल्यावर अक्काला पुन्हा रक्त दिसायला लागलं होतं. ते तिने हसण्यावारी नेलं. "मी परत तरणी व्हायला लागले बघ," असं ती शेजारणीला म्हणाली होती. मग पाणी जायला लागलं आणि त्याला वास यायला लागला. तेव्हा मात्र तिने हसणं सोडलं आणि कोणाला सांगणंही सोडलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, आणि तोही पुढे गेलेला, असं डॉक्टरांनी सांगितलं तोवर तिने महिनोन्‌महिने स्वतःच स्वतःवर उपाय केले होते.

त्याच डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं की हा आजार आईकडून मुलीला येतो असा नाही. तो एका विषाणूमुळे होतो, आणि लग्न झालेल्या कुठल्याही बाईला तो विषाणू कधीतरी गाठू शकतो. पण आजार व्हायला वर्षं लागतात. त्या वर्षांमध्ये पेशी हळूहळू बदलत असतात, आणि तिशीनंतर ठरावीक काळाने पॅप टेस्ट केली तर बदल आजार होण्याआधीच दिसतो. "तुम्ही दोघी करून घ्या," असं ते म्हणाले. मी मान हलवली. भाची खिडकीबाहेर बघत होती.

अक्का गेल्यावर दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. रविवारी सकाळी मी फोन हातात घेऊन बसायचे. पावसाळा संपता संपता तिच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाचं बोलणं घरात सुरू झालं: किती माणसं येतील, भंतेजींना कोण विचारणार, जेवणाला काय करायचं. त्या बोलण्यात भाची फोनवर म्हणाली, "मावशे, मला बी कधीकधी कंबर दुखती गं. आईचं बी तसंच सुरू झालं हुतं का?"

कंबर कशानेही दुखते. पण तिच्या मनात भीती होती आणि ती भीती घेऊन ती पेरूच्या पाट्या उचलत होती, हे मला त्या एका वाक्यातून कळलं.

"आपण ती टेस्ट करू," मी म्हणाले.

"मी न्हाई. तपासलं की निघतंच काहीतरी."

"तपासलं नाही तरी असेल ते असतंच ना."

"तू केलीय का?"

"नाही."

"मग! पुस्तकं वाचून मला शिकवती."

"दोघी बरोबर करू. आधी मी, मग तू."

मागे तिचा धाकटा मुलगा कशावरून तरी रडत होता. मग ती म्हणाली, "आधी तू. मी बघणार. तू वरडलीस तर मी तिथनंच यष्टी धरणार."

दवाखान्यात विचारून मी सगळं नीट समजून घेतलं. माझी पाळी बंद झालेली, त्यामुळे मला कुठलाही दिवस चालणार होता. तिचं मात्र बघावं लागणार होतं. पाळी चालू असताना टेस्ट करत नाहीत, कारण रक्तामुळे पेशी नीट दिसत नाहीत. पाळी सुरू झाल्यापासून दहाव्या दिवसानंतर, पण पुढची पाळी जवळ यायच्या आत, साधारण मधले दिवस चांगले. आणि तपासणीच्या आधी दोन दिवस तीन गोष्टी टाळायच्या: नवराबायकोचा संबंध नको, आत कुठलं औषध किंवा क्रीम नको, आणि आतून धुणं नको. बाहेरून रोजची अंघोळ चालते.

मी तिला फोनवर हे सांगायला घेतलं तेव्हा माझीच जीभ अडखळली. तीस वर्षं मी पुस्तकांमध्ये काढली आहेत, पण घरातल्या लेकीशी हे शब्द कधी उच्चारले नव्हते. पहिली गोष्ट सांगितली तेव्हा ती फिदीफिदी हसली. "ते न्हाई हुनार, तो सध्या रात्रीचा वाशी मार्केटला असतो." दुसरीला म्हणाली, "मी कशाला लावती काही." तिसरी मी अगदी स्पष्ट सांगितली: आतून पाण्याने धुवायचं नाही, कशानेच नाही.

"व्हय," ती म्हणाली. पण जरा थांबून म्हणाली.

तिची अडचण आली तसा तिने एका शब्दाचा निरोप पाठवला, "आली." मी त्यावरून दिवस धरले आणि नाव नोंदवलं. ती आदल्या दिवशी दुपारी आली, पिशवीभर पेरू घेऊन. वेणी घट्ट घातलेली, नवी साडी, जणू लग्नाला निघाली आहे. रात्री आम्ही अक्काचं काहीच बोललो नाही. सकाळी तिने अंघोळीला बराच वेळ लावला. मी चहा दोनदा गरम केला.

दवाखान्यात बाकावर आमच्या शेजारी एक पोक्त बाई सुनेला घेऊन बसली होती. तिने चौकशी केली आणि भाचीला म्हणाली, "काही न्हाई गं, चार लेकरं झाली मला, त्याच्यापुढं हे काय." भाची म्हणाली, "लेकरू झाल्यावर हातात लेकरू तरी येतं की. ह्याच्यात काय मिळतं?" बाई हसली. "भ्या जातं," ती म्हणाली. "ते काय कमी हाय?"

आत डॉक्टरबाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. त्यांनी दोघींना लघवीला जाऊन यायला सांगितलं, मग आधी भाचीला प्रश्न विचारले. पाळी कधी आली, मुलं किती, मध्येच रक्त जातं का, संबंधानंतर रक्त दिसतं का. सगळ्याला तिने खाली बघून उत्तरं दिली. कंबरदुखीचंही सांगितलं.

"दोन दिवसांत आत काही औषध?"

"न्हाई."

"आतून धुतलंत?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते.

"ताई, खरं सांगा, मी रागावणार नाही."

"धुतलं," ती म्हणाली. "सकाळी. काल बी."

"कशाने?"

"तुरटीच्या पाण्यानं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "मग आज नको करूया. मला तुमच्या गर्भाशयाच्या तोंडावरच्या वरच्या थराच्या पेशी हव्या आहेत. त्याच तुम्ही धुऊन आलात. आज घेतलं तर काचेवर काही नीट येणार नाही, किंवा बदल असूनही दिसणार नाही, आणि आपण उगीच सगळं ठीक आहे म्हणून घरी जाऊ. परवा या. तोवर आत काही नको."

"म्हंजे मी स्वच्छ होऊन आले म्हणून मला परत पाठवताय?"

"हो," डॉक्टरबाई हसल्या. "माझ्याकडे जसं आहे तसं यायचं. आत आपोआप स्वच्छता होत असते, तुरटीने उलट तिथली त्वचा कोरडी पडते."

भाची हसली नाही. तिने पदर खांद्यावर ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जा आता. मी हितंच उभी हाय."

पडद्यामागे अरुंद टेबल होतं. कमरेखालचे कपडे काढायचे, अंगावर चादर घ्यायची, टेबलाच्या कडेपर्यंत सरकायचं, गुडघे वाकवून पाय दोन्ही बाजूंच्या आधारांवर ठेवायचे. एवढं होईपर्यंतच मला सगळ्यात जास्त त्रास झाला, म्हणजे लाजेचा. छताला एक पंखा होता, त्याच्या एका पात्यावर धूळ जास्त होती. भाची माझ्या डोक्याशी उभी राहिली. तिने माझा हात धरला नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसं.

"आता थंड लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. बदकाच्या चोचीसारखं एक उपकरण असतं, ते बंद आत जातं आणि मग हलकेच उघडतं, म्हणजे आतलं दिसतं. वय झाल्यावर तिथे कोरडेपणा येतो, म्हणून त्यांनी लहान आकाराचं घेतलं आणि ते जरा ओलं केलं. तरी मला चुरचुरलं. मग दाब आला. दुखणं म्हणता येणार नाही, ताण म्हणता येईल, आतून कोणी दार लोटतंय असा. "ढुंगण टेबलाला टेकू द्या, श्वास सोडा," त्या म्हणाल्या. श्वास सोडला तसा ताण कमी झाला. मग एक बारीक ब्रश आत फिरला. तो लागला, पण खरवडल्यासारखा, नख हलकं ओढावं तसा, आणि ओटीपोटात पाळीच्या कळेसारखी एक चमक आली. ती आली तशी गेली. ब्रश काचपट्टीवर फिरवला, वर औषध मारलं, उपकरण निघालं.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी छताकडेच बघत राहिले. मला वाटत होतं अजून काहीतरी व्हायचं आहे. अक्काच्या बाबतीत जे झालं ते सगळं मोठं होतं, मोठी यंत्रं, मोठी बिलं, मोठ्या गाड्या. त्यामानाने हे इतकं लहान होतं की मला ते पुरेसं वाटेना.

घरी पोचून मी कुलूप काढत होते तेव्हा भाची म्हणाली, "मी संध्याकाळच्या गाडीनं जाते."

"परवा बोलावलंय."

"परवाचं परवा. परत कवा तरी बघू."

"परत कधी तरी" म्हणजे कधीच नाही, हे मला माहीत होतं. धंद्याचे दिवस होते, मुलांची शाळा होती, आणि एकदा परत पाठवलेली बाई दुसऱ्यांदा त्या टेबलापर्यंत येत नाही. तिच्या आईचीही पहिली वेळ अशीच हुकली होती की काय, कोण जाणे. मी न्हाणीघरात हातपाय धुवायला गेले.

खिडकीच्या कट्ट्यावर कापडाची लहान चिंधी होती, तिच्यात तुरटीचा खडा. वापरून वापरून एका बाजूने गुळगुळीत झालेला, सुपारीएवढा. चिंधी मी ओळखली. अक्काच्या बदामी रंगाच्या लुगड्याचा काठ होता तो.

मी तो हातात घेऊन बाहेर आले. भाची पिशवी भरत होती. तिने पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"आईचाय," ती म्हणाली. "जामखेडवरनं आणला. तिच्या सामानात हुता."

मी तिच्या शेजारी बसले. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. आई शेवटी शेवटी दिवसातून कितीदा धुवायची. घरात कायम उदबत्ती लावायची, एक विझायच्या आत दुसरी. नातवंडं मांडीवर बसायला आली की "थांब, माझं लुगडं भरलंय" म्हणून त्यांना उठवायची. आणि एकदा तपासायला नेलं तेव्हा तिथली एक बाई नाकाला पदर लावून उठली आणि तिने दार उघडं टाकलं.

"आईनं पाहिलं ते. काही बोलली न्हाई. घरी आल्यावर परत तुरटी घेऊन आत गेली." भाचीने नाक पुसलं. "तू सांगितलं हुतंस धुवू नको म्हणून. मला ऐकायला आलं हुतं. पण मला वाटलं, तशीच गेले आणि डॉक्टरीणबाईंनी पण नाक धरलं तर? मग मी मेलेच की तिथं."

मला बोलून धीर देता येत नाही, तो अक्काचा गुण होता. मी म्हटलं, "त्यांनी माझ्या बाबतीत तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. आणि मी तर वर्षानुवर्षं तिकडे लक्षही दिलेलं नाही."

तिला हसू फुटलं. रडता रडता हसली. "त्यांनी न्हाई केलं. तू केलंस. एकदा."

"केलं. ब्रश फिरला तेव्हा."

"लई दुखलं?"

खोटं सांगावं असं एक क्षण वाटलं. मग वाटलं, हिला आधीच कोणीतरी अर्धवट सांगितलेल्या गोष्टींनी भ्यावं लागलं आहे. म्हणून मी जसं झालं तसं सांगितलं: लाज सगळ्यात जास्त, मग थंडपणा, मग ताण, मग खरवडल्यासारखं आणि एक कळ. घट्ट धरलं की जास्त लागतं, श्वास सोडला की कमी. तुला माझ्याहून कमी लागेल, तू तरुण आहेस. आणि आता थोडा गुलाबी डाग आला आहे, तो एखाद दिवस येतो असं त्या म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

तिने नवऱ्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण ती एका हाताने डोळे पुसत होती.

"परवापर्यंत?" तो म्हणाला. "अगं, लेकरं मला खात्यात हितं. धाकटा म्हणतो तुझ्या हातचा भात गिचका हाय."

"मग पाणी कमी घाल की."

"परत का बोलवलं? काही निघालं का?" त्याचा आवाज एकदम बदलला.

"काही न्हाई. माझीच चूक झाली. आधी दोन दिवस धुवायचं नसतं."

मागून तिच्या सासूने फोन ओढून घेतला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. सासू म्हणाली, "ऱ्हा गं तू. करूनच ये. तुझी आई कशी गेली ते मी बघितलंय. आन्‌ त्या डॉक्टरणीला इचार, म्हातारीचं बी करत्यात का."

भाचीने पिशवी परत रिकामी केली.

ते दोन दिवस सावकाश गेले. मी रजा टाकली. आमच्याकडे नळाचं पाणी तेव्हा गढूळ येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर भाची पाण्याच्या हंड्यापुढे बसली होती आणि तो तुरटीचा खडा पाण्यात गोल गोल फिरवत होती. मी उभी राहिले. ती म्हणाली, "अशी बघू नको. प्यायच्या पाण्यात फिरवतीय. जामखेडला टँकरचं पाणी आलं की आई असंच करायची." थोड्या वेळाने गाळ तळाला बसला आणि वरचं पाणी निवळलं. त्या पाण्याचा आम्ही चहा केला.

त्याच दुपारी तिची कंबर दुखायला लागली आणि ती घाबरली. "अडचण लवकर आली तर? मावशे, गोळी घेऊ का पाळी पुढं ढकलायची? लगीन-बिगीन असलं की आमच्यात घेत्यात." मी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, यासाठी गोळी मुळीच नको. आली तर आली, पुढच्या महिन्यात मधल्या दिवसांत करू, त्यात बिघडत काही नाही. भाची मात्र पुढच्या महिन्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. "पुढच्या महिन्यात मी येईन का, ह्याची मलाच खात्री न्हाई," ती म्हणाली आणि पाठीला उशी लावून पडून राहिली. रात्री ती दोन वेळा उठून पाहून आली. पाळी आली नव्हती.

सकाळी ती अंघोळ करून लवकर बाहेर आली. "वरून. फक्त वरून," मी विचारायच्या आत म्हणाली. "आईची शप्पथ."

दवाखान्यात मी तिच्याबरोबर उठले, तर तिने मला बाकावर बसवलं. "तू भाईर थांब. तू आत असलीस की मी तुझ्याकडं बघून रडंन." पडदा ओढल्याचा आवाज आला. मग डॉक्टरबाईंचा आवाज, "आज काय घेऊन आलात?" आणि तिचा, "काहीच न्हाई. जशी हाय तशी." मग बराच वेळ नुसती भांड्यांची किणकिण. मी पर्समधलं पुस्तक उघडून बसले होते. कुठलं पान होतं ते आजही सांगता येणार नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता आला नाही. ती शेजारी बसली, चपलेचा बंद लावला, मग पुन्हा काढला.

"झालं?"

"झालं. चपाती लाटायच्या आत झालं." ती जमिनीकडे बघत होती. "मावशे, एवढंच हुतं गं. आईला वेळेवर एवढंच लागलं असतं."

"हो."

"मग ह्याच्यामुळं न्हाई गेली ती."

"नाही."

ती रडली, पण आवाज न करता, आणि मी पहिल्यांदा अक्कासाठी दुसऱ्या कोणासमोर रडले. बाकावरच्या बायकांनी आम्हाला काहीतरी वाईट निघालं असं समजून जागा करून दिली. एकीने पाण्याची बाटली पुढे केली.

भाचीचा रिपोर्ट काही दिवसांनी आला. पेशी ठीक, वेडंवाकडं काही नाही, तीन वर्षांनी पुन्हा करा. कंबरदुखी पाट्या उचलण्याची निघाली. तिने तो रिपोर्ट आईच्या फोटोसमोर ठेवून मला फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं, "सासूचं विचारून ठेव." मी विचारलं होतं. साठीच्या आतबाहेरच्या बाईनेही, आधी कधी केली नसेल तर, करून घ्यावी असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

माझा रिपोर्ट वेगळा आला. वाईट नाही, पण नमुना पुरेसा नव्हता. पेशी फार थोड्या आल्या होत्या. पाळी गेलेल्या बायकांत कोरडेपणामुळे असं होतं, असं त्या म्हणाल्या. काही आठवडे लावायला एक क्रीम दिलं आणि नंतर पुन्हा बोलावलं. मला त्या पुन्हाचा कंटाळा आला. पुण्यानुमोदन जवळ आलं होतं, मला कुठे जायचं नव्हतं, कोणाला भेटायचं नव्हतं. मी मनात ते पुढे ढकलून टाकलं आणि भाचीला सहज म्हणून सांगितलं.

त्या रविवारी सकाळी, अक्काच्या वेळेला, फोन वाजला.

"मावशे, क्रीम लावतीस का रोज?"

"लावते."

"आन्‌ आता नीट ऐक. तपासणीच्या आधी दोन दिवस क्रीम बंद. आत काही न्हाई. धुणं न्हाई. बाकीचं तर तुला सांगायची गरज न्हाई." ती हसली. "मी सासूला घेऊन येतीय. तिघी बरोबर जाऊ. ह्या वेळी बी तू टेबलावर, मी डोक्यापाशी. आन्‌ तोंड वाकडं केलंस तर मी तिथनंच यष्टी धरणार."

मी म्हटलं, "पेरू आण."

"आणते. नळाला पाणी कसं येतंय?"

"गढूळ."

"खडा तिथंच ठेवलाय, खिडकीत. फिरव की हंड्यात," ती म्हणाली, आणि दोघींच्या वाटचं बोलत राहिली.